कॉम्प्लिकेशन की निष्काळजीपणा? गॉलब्लॅडरच्या एका फाईलवरून

मागच्या वर्षी एक दादा माझ्याकडे फाईल घेऊन आले, फाईल म्हणजे मेडिकलवाल्याची प्लॅस्टिकची पिशवीच, आत बिलं, सोनोग्राफीचे कागद, डिस्चार्ज कार्ड सगळं एकत्र कोंबलेलं. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, बायको स्वतःच्या पायाने चालत आत गेली होती. दुर्बिणीतून गॉलब्लॅडर काढायचं साधं ऑपरेशन, आणि नंतर ११ दिवस आयसीयूत. आता याच्यात अजून काय सिद्ध करायचं राहिलंय?"

खरं सांगायचं तर जवळजवळ सगळंच राहिलं होतं. ग्राहक आयोगात नुकसानभरपाई मागायला येणाऱ्या बहुतेकांची इथेच गल्लत होते, ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर चुकला असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, पण कॉम्प्लिकेशन वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा, आणि दोन्हीत पेशंटचे हाल सारखेच होतात म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसतच नाही. ही फाईल (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत) मला वाटतं हा फरक समजायला चांगली आहे, कारण हिच्यात दोन्ही गोष्टी एकाच पेशंटमध्ये एकामागोमाग घडल्या होत्या.

झालं असं. सोमवारी ऑपरेशन झालं. पित्ताशय काढताना त्याच्याजवळून जाणारी मोठी पित्तनलिका, जी लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेते, तिला इजा झाली. कुणाला हे ऐकूनच भयंकर वाटेल, पण ही इजा चांगल्या सर्जनच्या हातूनही होते, दुर्बिणीच्या हजार ऑपरेशनमागे साधारण ३ ते ५ वेळा असं होतं, कारण सूज असली, चिकटलेलं असलं की तिथली रचना ओळखणंच अवघड जातं. म्हणजे नळी कापली गेली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ती कशी कापली गेली हे बघावं लागतं, म्हणजे सर्जनने क्लिप लावायच्या आधी तो भाग नीट मोकळा करून पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी जाताहेत, त्याची छोटी नळी आणि त्याची रक्तवाहिनी, याची खात्री केली होती का, आणि ओळख पटत नसेल तर थांबून पोट उघडून करायचा किंवा सीनियरला बोलवायचा विचार केला होता का.

आता दुसरी गोष्ट. पोटात एक ड्रेन ठेवला होता, म्हणजे आतलं पाणी बाहेर पिशवीत यायला नळी. आम्ही इनडोअर पेपर, म्हणजे ॲडमिट असतानाच्या रोजच्या नोंदी, मागवले, त्यात सिस्टरने मंगळवारी सकाळी लिहिलं होतं १५० एमएल, हिरवट. बुधवारी ३०० एमएल, हिरवट. पेशंट पोट फुगलंय, दुखतंय म्हणत होती, त्याच्यासमोर डॉक्टरांच्या राउंडची नोंद "गॅसेस, चालायला सांगा". ना सोनोग्राफी, ना रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीची तपासणी. गुरुवारी ताप असताना ड्रेन काढला आणि घरी सोडलं. शनिवारी डोळे पिवळे, धाप, दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तर पोटात पित्त साचून इन्फेक्शन रक्तात उतरलेलं.

दादांचा सगळा राग सोमवारवर होता. मला मात्र केस मंगळवार-बुधवारमध्ये दिसत होती, सिस्टरच्या हातच्या त्या दोन ओळींत.

भरपाईच्या दाव्यात पेशंटला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, डॉक्टरवर या पेशंटची काळजी घ्यायची जबाबदारी होती, ही सोपी असते, ॲडमिट करून घेतलं की आलीच. दुसरी, ती जबाबदारी मोडली, म्हणजे त्याच शाखेतला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते यांनी केलं नाही. इथे देशातल्या सगळ्यात हुशार सर्जनशी तुलना करायची नसते, आणि दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली, दुसरी केली असती तर बरं झालं असतं, एवढंही पुरत नाही. तिसरी, त्या मोडण्यामुळेच हे नुकसान झालं. लोक दुसरीवर भांडतात आणि तिसरी विसरतात, आणि केसेस तिसरीवर पडतात. पुरावा मात्र फौजदारी खटल्यासारखा शंकेला जागाच नको असा लागत नाही, असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे इथपर्यंत आणलं की पुरतं.

आता एक्स्पर्टचं. कुणीतरी सांगतं एक्स्पर्ट ओपिनियन नसेल तर केस दाखलच होत नाही, कुणीतरी सांगतं त्याची काही गरज नाही, आणि दोन्ही अर्धवट आहे. हा गोंधळ आला कुठून तर २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायच्या आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवं, आणि तिथे निष्काळजीपणाही अगदी गंभीर दर्जाचा लागतो. २००९ मध्ये दुसऱ्या एका निकालात हीच अट ग्राहक तक्रारींना पण लावायला सांगितलं गेलं. मग २०१० मध्ये व्ही. किशन राव यांचं प्रकरण आलं, त्यांच्या पत्नीला हिवताप होता पण उपचार टायफॉइडचे चालले होते, जिल्हा मंचाने २ लाख दिले, राज्य आयोगाने एक्स्पर्ट नाही म्हणून ते काढून घेतले, आणि सुप्रीम कोर्टाने ते परत दिले. कोर्ट म्हणालं की ग्राहक तक्रारीत दर वेळी एक्स्पर्ट हवाच असं नाही, ज्या केसमध्ये गुंतागुंत आहे तिथेच लागतो. म्हणजे फौजदारीची अट भरपाईच्या दाव्याला जशीच्या तशी लावायची नाही.

एक्स्पर्ट न लागणारी केस कशी असते ते बघायला आपल्याकडचंच उदाहरण आहे, अच्युतराव खोडवा यांचं. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या पत्नीचं बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, मग ताप आणि पोटदुखी, काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट परत उघडलं तर आत टॉवेल राहिलेला आणि पू झालेला. त्या वाचल्या नाहीत. दिवाणी कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते नाकारले, आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, ते परत कायम केले. पोटात टॉवेल कसा राहिला हे नातेवाइकाने सांगायचं नसतं, तो तिथे सापडला हीच गोष्ट बोलते, आणि मग तसं का झालं ते समोरच्याने समजवायचं.

दादांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "मग आपलं पण तसंच की, नळी कापलीच आहे ना!" नाही दादा. टॉवेल पोटात राहणं काळजी घेतली तर घडत नाही. नळीला इजा काळजी घेऊनही घडते. फरक हाच आहे, आणि आयोगात बसलेल्या सदस्यांना तो आपोआप कळणार नाही कारण ते सर्जन नाहीत, म्हणून आपल्याला सर्जन लागणार.

सर्जन मिळवणं हे खरं कष्टाचं काम. गावातला कुणी लिहून देत नाही, रोज एकमेकांचं तोंड बघायचं असतं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यांच्या कागदात असतं, ते फार मोलाचं, पण आधीच्याचं चुकलं असं ते सहसा लिहीत नाहीत. कुणीच नाही मिळालं तर कागद सरकारी मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांकडे मतासाठी पाठवा असा अर्ज आयोगाकडे करता येतो. आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यातले, पोटाचीच ऑपरेशन्स करणारे एक सर्जन मिळाले. माणूस त्याच शाखेतला हवा, फिजिशियनने सर्जरीवर दिलेलं मत समोरचे वकील पाच मिनिटांत उडवतात.

त्यांना आम्ही "निष्काळजीपणा झाला का" असं विचारलंच नाही, तो निकाल आयोगाचा, आणि नुसतं "हो, झाला" असं दोन ओळींचं पत्र असेल तर त्याला किंमत नसते. कोर्ट मतापेक्षा मतामागची कारणं बघतं, कुठल्या कागदावरून, कुठल्या नोंदीवरून, कुठल्या मान्य पद्धतीवरून. एक्स्पर्टचं मत आयोगावर बंधनकारकही नसतं, समोरची बाजू आपला एक्स्पर्ट आणते, लेखी प्रश्नांनी उलटतपासणी होते. म्हणून आम्ही तीनच प्रश्न लिहून दिले. नळीला इजा होण्यात पद्धतीची चूक दिसते का? ड्रेनमधल्या या नोंदी बघून साधारण सर्जनने काय आणि कधी करायला हवं होतं? आणि तसं केलं असतं तर पेशंटचं पुढे काय वेगळं झालं असतं?

उत्तर प्रामाणिक आलं, आणि सगळं आपल्या बाजूचं नव्हतं. पहिल्यावर त्यांनी लिहिलं की ऑपरेशनची नोंद चार ओळींची आहे, त्यावरून काही सांगता येत नाही. दुसऱ्यावर स्पष्ट लिहिलं, ड्रेनमधून एवढं हिरवं पाणी म्हणजे पित्त गळतंय असं धरायचं, बुधवारपर्यंत तरी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून मोठ्या सेंटरला पाठवायला हवं होतं, आणि ड्रेन तर काढायचाच नव्हता. तिसऱ्यावर लिहिलं, नळीची दुरुस्ती तरी पण लागलीच असती, पण पोटात पित्त साचून इन्फेक्शन रक्तात जाणं आणि आयसीयू, हे बहुतेक टळलं असतं.

हॉस्पिटलने उत्तरात संमतीपत्र लावलं, त्यात "पित्तनलिकेला इजा होऊ शकते" असं छापलेलं आणि खाली सही. लोक सही बघून घाबरतात. अहो, सही त्या धोक्याला होती, तो धोका घडल्यावर दोन दिवस दुर्लक्ष करायला नव्हती.

कागदांबाबत एवढं लक्षात असू द्या, लेखी अर्ज दिल्यापासून ७२ तासांत हॉस्पिटलने रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि अर्जाच्या कॉपीवर त्यांचा शिक्का घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका, ते हॉस्पिटलने शेवटी बसून लिहिलेलं असतं, खरी गोष्ट सिस्टरच्या रोजच्या नोंदीत असते. आणि ग्राहक तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे, एक्स्पर्ट शोधता शोधता ती निघून गेलेली माणसं मी पाहिलीत. सरकारी दवाखान्यात सगळ्यांवर फुकट उपचार होत असतील तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट, खोडव्यांसारखं.

एक्स्पर्टचं मत आल्यावर आम्ही मागणी नव्याने लिहिली. दादा बिलांचे दोन गठ्ठे करत बसले, आयसीयू, औषधं, बुडालेले पगार एकीकडे, आणि नळीच्या दुरुस्तीचं सगळ्यात मोठं बिल हातात धरून विचारलं, "आणि हे?"

"ते यात नाही घालता येणार दादा. ते तसंही लागलंच असतं."

बराच वेळ ते बिल त्यांच्या हातातच होतं. मग त्यांनी ते घडी घालून परत मेडिकलच्या पिशवीत ठेवलं.