पिन तोच, पण नव्या लॅपटॉपवर पासकी का चालत नाही?

नवा लॅपटॉप आला, सगळ्या फाइली उतरवल्या, विंडोजचं खातं तेच, पिनसुद्धा तोच. तरीही ज्या साइटवर काल पिन टाकून क्षणात लॉगिन व्हायचं, तिथे आज थेट क्यूआर कोड समोर येतो किंवा सिक्युरिटी की लावायला सांगितलं जातं. जुन्या लॅपटॉपवर मात्र सगळं पूर्वीसारखंच चालू असतं.

याचं कारण पासकीच्या रचनेतच आहे. पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. त्यातली सार्वजनिक किल्ली साइटकडे राहते आणि खासगी किल्ली तुमच्याकडे. विंडोज हॅलोमध्ये, म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने ओळख पटवायच्या विंडोजच्या सोयीत पासकी ठेवली, तर खासगी किल्ली सहसा लॅपटॉपच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. त्या चिपशिवाय ती उपयोगाची नाही, म्हणून बॅकअपमध्ये किंवा फाइलींबरोबर ती नव्या मशीनवर येत नाही. तुम्ही टाकता तो पिन म्हणजे पासकी नव्हे. पिन फक्त त्या लॅपटॉपमधली किल्ली वापरायची परवानगी देतो. नव्या लॅपटॉपवर तोच पिन ठेवला, तरी तिथे वापरायला किल्लीच नसते.

म्हणून आधी पासकी नेमकी कुठे साठवली आहे ते पाहा. जुन्या विंडोज ११ लॅपटॉपवर `Settings > Accounts > Passkeys` उघडा. साइटचं नाव या यादीत दिसलं, तर ती पासकी विंडोजने ठेवलेली आहे. नाव तिथे नसेल, तर ती बहुधा गूगल पासवर्ड मॅनेजर, आयक्लाउड कीचेन किंवा दुसऱ्या एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असेल. हे मॅनेजर पासकी सिंक करतात, पण नुसतं लॉगिन करून भागत नाही. क्रोममध्ये त्याच गूगल खात्याने साइन इन केल्यावर पहिल्या वेळी गूगल पासवर्ड मॅनेजरचा पिन किंवा अँड्रॉइड फोनचं स्क्रीन लॉक विचारलं जातं, कारण पासकी एन्क्रिप्ट करून ठेवलेल्या असतात. हा पिन विंडोजच्या पिनपेक्षा वेगळा असतो, आणि नेमकी इथेच अनेकांची गफलत होते. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील, तर आपण चुकीच्या प्रोफाइलमध्ये तर नाही ना, तेही बघा.

आता पासकी विंडोज हॅलोमध्येच आहे असं धरू आणि गूगल खात्याचंच उदाहरण घेऊ. जुना लॅपटॉप हाताशी असेल, तर तो रीसेट करू नका. त्यावरून `myaccount.google.com` मध्ये जा, सिक्युरिटीमध्ये `Passkeys and security keys` उघडा आणि फोनवर नवी पासकी बनवा. कुठे साठवायची असं विंडोज विचारेल, तेव्हा `This Windows device` न निवडता फोनचा पर्याय घ्या आणि आलेला क्यूआर कोड फोनने स्कॅन करा. मग नव्या लॅपटॉपवरही तसाच कोड स्कॅन करून लॉगिन होईल. मात्र यामुळे फोनमधली किल्ली लॅपटॉपमध्ये येत नाही, फोन फक्त तेवढ्या वेळेपुरती सही करून देतो. म्हणून आत गेल्यावर लगेच नव्या लॅपटॉपची स्वतंत्र पासकी तयार करा. एका खात्याला अनेक पासकी चालतात.

कोड स्कॅन होतो, पण फोन जोडतानाच अडकून राहतो, असं झालं तर आधी ब्लूटूथ तपासा. ते दोन्हीकडे चालू हवं. पेअरिंग करायची गरज नाही, फोन खरोखर जवळ आहे याची खात्री करण्यापुरतंच ते लागतं. इंटरनेटही दोन्हीकडे हवं. ऑफिसच्या नेटवर्कवरच अडत असेल, तर फायरवॉलमध्ये `cable.ua5v.com` आणि `cable.auth.com` हे पत्ते बंद आहेत का, ते नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा. अँड्रॉइड आणि अॅपलचे फोन अनुक्रमे या पत्त्यांवरून लॅपटॉपशी बोलतात.

जुना लॅपटॉप पुसला गेला असेल, तर त्यातली किल्ली कायमची गेली. अशा वेळी लॉगिनच्या पानावर `Try another way` दाबा आणि पासवर्डसोबत दुसरी पायरी किंवा बॅकअप कोड वापरा. गूगल असे १० कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे कोड त्याच खात्याच्या ड्राइव्हवर ठेवू नका, नाहीतर खातं उघडायचा कोड खात्यातच अडकेल. हीच अडचण गूगल खात्याची एकुलती एक पासकी गूगलच्याच मॅनेजरमध्ये ठेवल्यावर येते. आधीच साइन इन असलेला फोन जवळ असेल तर निभावतं, तोही हरवला तर मग खातं परत मिळवायची लांबलचक प्रक्रिया करावी लागते. यासाठी मी तरी एक यूएसबी सिक्युरिटी की नोंदवून वेगळ्या जागी ठेवायला सांगेन.

नव्या लॅपटॉपवर लॉगिन जमलं की साइटच्या यादीतून जुन्या लॅपटॉपची पासकी काढून टाका. ती साइटवरूनच काढावी लागते, कारण लॅपटॉप पुसला तरी साइटकडची सार्वजनिक किल्ली तशीच राहते. पण काढताना नावाबरोबर तारीखही वाचा. दोन्ही लॅपटॉपच्या नोंदी `Windows Hello` अशाच दिसू शकतात, आणि घाईत नवीच पासकी उडाली तर ती लॅपटॉपमध्ये दिसत राहील, पिनही घेईल, पण साइट तिला नाकारेल.