जिन्यावरची धाप आणि फुंकण्याचा पहिला सेकंद

एका माणसाचं उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत असे लोक नेहमी दिसतात. वय ५७, उंची १६५ सेंटीमीटर, पंचविशीपासून दिवसाला साधारण १५ सिगरेटी. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत भाजीच्या पिशव्या घेऊन हे गृहस्थ न थांबता वर जायचे, आता दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहतात. सकाळी तोंड धुताना खोकल्याची उबळ येते आणि दोन-चार बेडके पडले की मोकळं वाटतं. बायको म्हणते सिगरेटमुळे, ते म्हणतात वयामुळे. ऑक्सिमीटरवर आकडा ९७ येतो आणि छातीचा एक्स-रे ‘नॉर्मल’ निघतो, म्हणजे वाद ते जिंकतात.

खरं तर एक्स-रे आणि ऑक्सिमीटर या वादात पंच म्हणून बसूच शकत नाहीत. एक्स-रेवर क्षयाचा डाग दिसतो, गाठ दिसते, हृदयाचा आकार दिसतो. हवा किती वेगाने बाहेर पडते हे स्थिर चित्रात दिसणार कसं? आणि रक्तातला ऑक्सिजन बसल्याजागी घसरतो तो आजार बराच पुढे गेल्यावर. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांमधला कायमचा अडथळा, सुरुवातीला या दोन्हींना चकवतो.

आधी त्या सकाळच्या बेडक्याचं पाहू. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलून चिकट स्राव, आणि त्यात अडकलेली धूळ, घशाकडे ढकलत राहतात. धुराने हे तंतू मंदावतात, आखूड होतात, काही ठिकाणी नाहीसेही होतात. त्याच वेळी स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात. माल वाढला आणि उचलणारे हात कमी झाले, तर साठणारच. झोपेत खोकला दबलेला असतो, म्हणून रात्रभराचा साठा सकाळी एकदम निघतो. वर्षातले किमान तीन महिने असा कफ पडत असेल आणि असं सलग दोन वर्षं झालं असेल, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात.

पण इथे एक गफलत होते. कफ मुख्यतः मोठ्या नळ्यांमधून येतो आणि सीओपीडीतला खरा अडथळा असतो दोन मिलिमीटरहून अरुंद अशा लहान नळ्यांमध्ये. या लहान नळ्या इतक्या असंख्य आहेत की त्यातल्या बऱ्याचशा निकामी झाल्या तरी उरलेल्या काम भागवतात आणि माणसाला काही जाणवत नाही. म्हणून कफ भरपूर पण अडथळा नाही असे धूम्रपान करणारे लोक सापडतात आणि कफ अजिबात नाही पण अडथळा मोठा असेही. बेडक्यावरून आजाराची खोली मोजता येत नाही. ती मोजायला फुंकावं लागतं.

या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. दवाखान्यात ‘पीएफटी’ किंवा सरळ ‘फुंकायची टेस्ट’ हेच शब्द ऐकू येतात. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी धरायची, छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात बाहेर फेकायचा. मग थांबायचं नाही, छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं, सहसा सहा सेकंद किंवा त्याहून जास्त. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘अजून, अजून, अजून’ असं ओरडत असतो. तो उगाच ओरडत नाही, पुढे ते कळेल.

यंत्र दोन गोष्टी मोजतं. एक म्हणजे जोरात फुंकून एकूण किती हवा बाहेर पडली. रिपोर्टवर ती FVC म्हणून छापलेली असते. दुसरी म्हणजे त्यातली किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडली. ती FEV1. एकूण हवा मोजण्याची कल्पना जुनी आहे. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी पाण्यावर चालणारं स्पायरोमीटर वापरून दोन हजारांहून जास्त लोकांची मापं प्रसिद्ध केली. पण घड्याळ लावून फुंकायला सांगावं, हे सुचायला आणखी शंभर वर्षं गेली. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये टिफनो आणि पिनेली यांनी ते केलं आणि तपासणीला जीव आला.

पहिल्या सेकंदात इतकं काय आहे? निरोगी प्रौढ माणूस त्या सेकंदात आपल्या एकूण हवेपैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा अधिक बाहेर टाकतो. अगदी सुरुवातीचा झटका सोडला तर हा वेग माणसाच्या जोरावर फारसा अवलंबून नसतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. छातीचे स्नायू जोर लावतात तेव्हा तो दाब वायुकोशांवर पडतो, तसाच श्वासनलिकांवर बाहेरूनही पडतो. जास्त जोर लावला की नळ्या जास्त चेपल्या जातात आणि जोर वाया जातो. मग त्या नळ्या उघड्या राहतात कशा? आजूबाजूचं फुप्फुस लवचीक असतं आणि त्याचे धागे नळीला चहूबाजूंनी बाहेर ओढून धरतात, मांडवाचा खांब चारी बाजूंच्या दोऱ्यांनी ताणून धरावा तसे. सिगरेटच्या धुराने दोन गोष्टी होतात: लहान नळ्यांची भिंत सुजून जाड होते आणि त्यांना धरणारे धागे तुटतात. या दुसऱ्या प्रकाराला एम्फिसीमा म्हणतात. मग माणूस कितीही ताकदवान असो, बाहेर फुंकताना नळ्या मिटतात आणि हवा हळूहळूच निघते. म्हणून ही तपासणी ताकद मोजत नाही, नळ्यांची अवस्था मोजते.

आता आपल्या गृहस्थांचा रिपोर्ट वाचू. पहिल्या फेरीत त्यांची एकूण हवा ३.१० लिटर भरली आणि पहिल्या सेकंदात त्यातली १.६४ लिटर बाहेर आली. भागाकार ०.५३. मग त्यांना सालब्युटामॉलच्या पंपाचे चार पफ स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्यातून दिले आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. नळ्यांभोवतीचे स्नायू सैल पडावेत म्हणून हे औषध. दुसऱ्या फेरीत एकूण ३.२० आणि पहिल्या सेकंदात १.७२. भागाकार ०.५४.

रिपोर्टमध्ये आधी हाच भागाकार पाहायचा. औषधानंतरही तो ०.७० च्या खाली असेल, तर अडथळा आहे आणि औषधाने तो पूर्ण सुटत नाही. सोबत लक्षणं आणि धुराचा इतिहास असेल, तर सीओपीडीचं निदान होतं. पंपाने पहिल्या सेकंदाची हवा ८० मिलिलिटरच वाढली, ही वाढ अगदी किरकोळ. दम्यात ती पुष्कळदा खूप मोठी असते, पण फक्त तेवढ्यावरून दमा ठरत नाही. मग पाहायचं, त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी पुरुषाकडून पहिल्या सेकंदात किती अपेक्षित होतं. समजा, त्यांच्या यंत्रातल्या तक्त्यानुसार २.६५ लिटर. मिळाले १.७२, म्हणजे ६५ टक्के. ५० ते ७९ टक्क्यांच्या पट्टीला मध्यम म्हणतात. ‘मध्यम’ ऐकून ते खूश झाले तर मी त्यांना दोष देणार नाही, पण पहिल्या सेकंदाची एक तृतीयांशाहून जास्त हवा गेली आहे, असा त्याचा अर्थ आहे.

आणि जिन्याचं कोडं इथेच सुटतं. माणूस मिनिटाला जास्तीत जास्त किती हवा आत-बाहेर करू शकतो, याचा ढोबळ अंदाज पहिल्या सेकंदाच्या आकड्याला ३५ ने गुणून येतो. अपेक्षित २.६५ असती, तर ही क्षमता ९३ लिटरच्या आसपास गेली असती. १.७२ वर ती ६० आहे. बसल्याजागी ६ ते ८ लिटर पुरतात, म्हणून खुर्चीत काही कळत नाही. भरभर जिना चढताना मात्र ४० लिटर किंवा त्याहूनही जास्त हवा लागते आणि हात छताला टेकतो. त्यात भर अशी की श्वास जलद झाला की बाहेर सोडायला जेमतेम एक सेकंद मिळतो. तेवढ्यात छाती रिकामी होत नाही. उरलेल्या हवेवर पुढचा श्वास चढतो, त्यावर पुढचा. छाती फुगून राहते आणि आत घ्यायला जागाच उरत नाही. गृहस्थ म्हणतात, ‘श्वास आत जात नाही’. घोटाळा मात्र बाहेर सोडण्यात असतो.

फुंकायची टेस्टही फसू शकते. कमीत कमी तीन नीट फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सर्वोत्तम दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत असाव्यात. सुरुवात अडखळत झाली, पहिल्याच सेकंदात खोकला आला, ओठांतून हवा गळली, की ती फुंकर बाद. सर्वांत फसवी चूक म्हणजे लवकर थांबणं. माणूस तिसऱ्या सेकंदालाच थांबला, तर एकूण हवा कमी मोजली जाते, भागाकार वर जातो आणि आजार लपतो. तंत्रज्ञाचं ते ओरडणं यासाठीच. शिवाय ०.७० ही रेघ सगळ्या वयांना सारखी बसत नाही. भागाकार वयाबरोबर आपोआप थोडा घसरतो, त्यामुळे ७५ वर्षांच्या निरोगी माणसालाही आजारी ठरवलं जाऊ शकतं आणि चाळिशीतला खरा अडथळा निसटू शकतो. म्हणून काही डॉक्टर वयानुसार बदलणारी खालची मर्यादा वापरतात. आपल्या गृहस्थांच्या ०.५४ ला मात्र दोन्ही मोजपट्ट्या एकच उत्तर देतात.

अडथळा नाही, भागाकार चांगला, पण दोन्ही आकडे खाली, असा रिपोर्ट आला तर गोष्ट निराळी: फुप्फुस आकसलंय का, फुंकणं अपुरं होतं का, हे शोधावं लागतं. सगळंच नॉर्मल आलं आणि धाप तरीही आहे, तर हृदय आणि हिमोग्लोबिन पाहावं लागतं. सुरुवातीचा एम्फिसीमाही कधी कधी या तपासणीतून निसटतो. आणि बेडक्यात रक्त असेल, वजन उतरत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि ताप असेल, तर आधी थुंकीची क्षयासाठी तपासणी आणि एक्स-रे. फुंकायची टेस्ट नंतर.

उरला प्रश्न सिगरेटचा. तिशीनंतर पहिल्या सेकंदाची हवा प्रत्येकाचीच कमी होते, वर्षाला साधारण ३० मिलिलिटर. धुराचा त्रास होणाऱ्या माणसात ती ६० किंवा त्याहूनही वेगाने जाते. लंडनमधल्या कामकरी पुरुषांना अनेक वर्षं तपासून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ मध्ये दाखवलं की सिगरेट सोडल्यावर गेलेली हवा फारशी परत येत नाही, पण घसरण्याचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. आपल्या गृहस्थांचा हिशेब करा. चालू ठेवली तर ६७ व्या वर्षी १.१२ लिटर, आज सोडली तर १.४२. हा ३०० मिलिलिटरचा फरक म्हणजे मघाच्या हिशेबाने मिनिटाला साधारण १० लिटरची क्षमता.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढलेला वाटू शकतो, कारण ते बारीक तंतू पुन्हा कामाला लागतात. ‘सोडली आणि उलट त्रास वाढला’ म्हणून पुष्कळ जण इथेच परत पेटवतात. पंपांनी धाप कमी होते आणि अधूनमधून आजार उसळण्याचं प्रमाणही घटतं, पण ती ६० मिलिलिटरची गळती थांबवण्यात सिगरेट सोडण्याइतका भरवसा कशाचाच नाही. गळती थांबली का, हे पाहायला दरवर्षी एकदा फुंकावं. मात्र पुढच्या वर्षीचा आकडा १०० मिलिलिटरने वर-खाली झाला तर लगेच काही ठरवू नये, कारण तेवढा फरक एकाच सकाळच्या दोन फुंकरींतही पडतो. तीन-चार वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवल्यावरच उतार कळतो, म्हणून आजचा कागद फाईलमध्ये जपून ठेवावा.