७.२ मीटर गाळ्याची कैची: कापण्याआधी कागदावर काय तपासायचं

वर्कशॉपच्या शेडची चौकशी करताना बहुतेकजण दोनच आकडे सांगतात, लांबी आणि रुंदी. कैचीचं (ट्रसचं) ड्रॉइंग मात्र त्यापुढे सुरू होतं. आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असलेल्या मापाचं एक उदाहरण या पत्रकात शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे. शेड ७.२ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब, पुण्याच्या परिसरातली. दर ४ मीटरवर एक, अशा एकूण चार कैच्या. रुंदीचं माप कॉलमच्या मध्यापासून समोरच्या कॉलमच्या मध्यापर्यंत घेतलं आहे. भिंतीच्या आतल्या अंगाचं माप सांगितलंत, तर पुढचे सगळे आकडे चुकतील.

रेषा आधी, लोखंड नंतर

ड्रॉइंगची पहिली रेष ७२०० मिमीची तळरेष. तिच्या मध्यावर १२०० मिमीचा उभा काढला की आढ्याचा बिंदू मिळतो. अर्धा गाळा ३६०० आणि उंची १२००, म्हणजे उतार तीनास एक. हा उतार घेण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. तळरेषेचे १२०० मिमीचे सहा भाग पाडले की उभ्या दांड्यांची उंची वळचणीकडून ४००, ८०० आणि १२०० अशी सरळ येते. फॅब्रिकेटरला कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही.

वरच्या तिरक्या दांड्याची लांबी पायथागोरसने निघते: ३६०० चा वर्ग अधिक १२०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३७९५ मिमी. त्याचे तीन भाग प्रत्येकी १२६५ मिमीचे. पत्रा पेलणाऱ्या आडव्या पर्लिन याच सांध्यांवर बसतात, आणि अर्ध्या मिलीमीटरच्या पत्र्याला हे अंतर ठीक आहे. आतले कर्ण वरच्या सांध्यापासून खाली, मध्याच्या दिशेने उतरतात. पहिला १२०० आडवा आणि ४०० उभा, म्हणून १२६५ मिमी. दुसरा १२०० आडवा आणि ८०० उभा, म्हणून १४४२ मिमी.

कोन असे येतात: वरचा दांडा आणि पहिला कर्ण आडव्याशी १८.४ अंश, दुसरा कर्ण ३३.७ अंश, आढ्यावर दोन दांड्यांमधला कोन १४३.१ अंश. पण जमिनीवर आखणी करताना कोनमापकाच्या भरवशावर राहू नका. एका अंशाची चूक ३७९५ मिमीच्या टोकाला सुमारे ६६ मिमी होते. त्यापेक्षा चुन्याच्या दोरीने पूर्ण मापाची आखणी करा, दर १२०० मिमीवर गुण्या लावा आणि उभी उंची टेपने मोजा. कोन आपोआप बरोबर येतो. शेवटी डाव्या आणि उजव्या वळचणीपासून आढ्यापर्यंतची दोन्ही मापं पडताळा. त्यांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर आखणी पुसून पुन्हा करा. याच आखणीवर सगळ्या कैच्या जुळवायच्या असतात, त्यामुळे इथली चूक चार वेळा वेल्डिंग होऊन बसते.

आता ज्या रेषांबद्दल बोललो त्या अँगलच्या कडा नव्हेत, तर अँगलच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या रेषा. ५०×५०×६ च्या अँगलमध्ये ही रेष पाठीच्या कडेपासून १४.५ मिमी आत असते. प्रत्येक सांध्यावर सगळ्या तुकड्यांच्या या रेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. कडेला कड जुळवून आखलेली कैची दिसायला नीट दिसते, पण सांध्यावर ओढ एका रेषेत राहत नाही आणि तुकडे जोडणारी गसेट प्लेट मुरगळते. कापायची लांबीही यामुळे वेगळी. १४४२ हे सांध्यापासून सांध्यापर्यंतचं माप आहे. गसेटवर अँगल कुठे थांबतो ते आखणीवरून घ्यायचं आणि मगच कापायचं.

छपराचं वजन किती धरायचं

पत्रा आणि स्क्रू ६, पर्लिन ६, कैची आणि ब्रेसिंग ८, मिळून चौरस मीटरला २० किलो. त्यावर माणसं चढतात, दुरुस्ती होते, त्याचा चलभार. इमारतींवरच्या भारांची भारतीय संहिता आयएस ८७५, तिच्या दुसऱ्या भागाप्रमाणे दहा अंशांपेक्षा जास्त उताराला ०.७५ किलोन्यूटनमधून दहाच्या वरच्या दर अंशामागे ०.०२ वजा होतात. आपल्या १८.४ अंशांना ०.५८ येतो, म्हणजे साधारण ६० किलो. कैचीसाठी यातला दोन तृतीयांशच धरण्याची सवलत संहितेत आहे. एवढ्या लहान कैचीला आम्ही ती घेत नाही, कारण वाचणारं लोखंड किरकोळ असतं.

एकूण ८० किलो प्रति चौरस मीटर. एका सांध्याच्या वाट्याला १.२ गुणिले ४ मीटर क्षेत्र, म्हणजे ३८४ किलो. दोन्ही टोकांना त्याचं निम्मं. कैचीवर सगळं मिळून २३०४ किलो आणि प्रत्येक कॉलमवर ११५२.

या भाराने वळचणीजवळ वरचा दांडा ३०३६ किलोने दाबला जातो आणि तळाचा दांडा २८८० किलोने ताणला जातो. मध्याकडे जाताना दोन्ही कमी होतात. जोर मध्यावर असतो असा समज असल्यामुळे लोक आढ्याची गसेट जाड करतात आणि वळचणीची बारीक ठेवतात. करायला हवं नेमकं उलट. मधल्या उभ्या दांड्यात ७६८ किलोचा ताण आहे, कर्णांत ६०७ आणि ६९२ किलोचा दाब. पहिल्या, ४०० मिमीच्या उभ्यात मात्र शून्य. पण शून्य आहे म्हणून तो काढून टाकू नका. त्याच्यामुळे तळाचा दांडा झोल खात नाही.

आकडे बरोबर आहेत का ते आढ्यावर तपासता येतं. तिथे वरच्या दांड्यात १८२१ किलो दाब आहे. दोन्ही बाजूंचा उभा हिस्सा ५७६ अधिक ५७६, म्हणजे ११५२. सांध्यावरचे ३८४ आणि मधल्या उभ्याचे ७६८ मिळूनही ११५२. हे जुळलं नाही, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे.

वरच्या दांड्याला दोन ५०×५०×६, तळाला दोन ५०×५०×५, आतल्या तुकड्यांना एकेरी ५०×५०×५, आणि गसेट ८ मिमी. वरच्या दांड्यातला दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम २६७ किलो येतो. ‘मग बारीक अँगल का नको?’ हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर कर्णात आहे. दाबाखालचा तुकडा तुटण्याआधी वाकतो. त्याची मोकळी लांबी भागिले परिभ्रमण त्रिज्या (ही स्टीलच्या तक्त्यात मिळते) हा भागाकार १८० च्या आत हवा. १४४.२ सेंमी भागिले ०.९७ म्हणजे १४९. ताकद भरपूर उरली असली, तरी लांबीमुळे आणखी फार बारीक जाता येत नाही.

असे अँगल घेतल्यावर गसेट, क्लीट आणि बेस प्लेटसकट एक कैची १८० किलोच्या आसपास भरते. चौरस मीटरला सव्वासहा किलो. आधी ब्रेसिंगसकट ८ धरले होते, ते पुरतात. वजन त्याच्या बाहेर गेलं असतं, तर भार पुन्हा काढावे लागले असते.

पर्लिन सांध्यावरच

पत्र्याचं माप जुळवायला साइटवर पर्लिन सरकवली जाते. ती दोन सांध्यांच्या मधोमध आली, तर ३८४ किलोमुळे वरच्या दांड्यात सोप्या हिशेबाने ११५ किलो-मीटरचा वाक येतो. त्यातून कडेला चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १६०० किलोचा ताण निर्माण होतो. जिथे २६७ होते तिथे सहापट भर पडली. लगेच हे कळत नाही. काही महिन्यांनी पत्र्याच्या ओळीत पोट आलेलं दिसतं. चेन पुलीचंही तसंच. ५०० किलोची पुली मधल्या सांध्याला टांगली तर तळाच्या दांड्यात ७५० किलो ताण वाढतो, तो हिशेबात घेता येतो. दोन सांध्यांच्या मध्ये साखळी गुंडाळली, तर तळाचा अँगल वाकतोच.

वारा छप्पर उचलतो

शेडचं नुकसान बहुतेकदा वजनाने होत नाही, वळवाच्या वाऱ्याने होतं. पुण्यासाठी संहितेतला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. त्याचा दाब ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे ९१३ न्यूटन, साधारण ९३ किलो प्रति चौरस मीटर. मुंबईला आणि नागपूरला हाच वेग ४४ धरतात, तिथे ११८ किलो होतात. छपरावर बाहेरून ओढ आणि शटर उघडं असल्यास आतून ढकल, दोन्ही मिळून गुणांक १.३ धरला, तर वर उचलणारा जोर १२१ किलो. त्यातून छपराचं स्वतःचं २० किलो वजन वजा जाता १०१ उरतात. खाली दाबणाऱ्या ८० किलोंपेक्षाही जास्त.

आता कैचीतलं सगळं उलटतं. तळाचा दांडा ताणाऐवजी साडेतीन टनांच्या दाबात येतो, आणि त्याला बाजूला वाकण्यापासून अडवणारं काहीच नसतं. वरच्या दांड्याला पर्लिन धरून ठेवतात, तळाला कोण धरणार? मोकळी लांबी ७२० सेंमी, परिभ्रमण त्रिज्या बाजूच्या दिशेने २.३६, भागाकार ३०५. वाऱ्याच्या दाबासाठीही मर्यादा २५० आहे. उपाय स्वस्त आहे: तळाच्या दांड्याला मधोमध, एका कैचीपासून दुसरीपर्यंत जाणारा आडवा अँगल, आणि टोकाच्या गाळ्यांत त्याला पकडणारं क्रॉस ब्रेसिंग. मोकळी लांबी ३६० झाली की भागाकार १५२ वर येतो. कोटेशन कमी करण्यासाठी सर्वांत आधी कापला जातो तो हाच अँगल.

याच वाऱ्याने मधल्या कैचीचं प्रत्येक टोक १४५० किलोने वर ओढलं जातं. म्हणून आम्ही बेस प्लेटला १६ मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट देतो, आणि पायातलं काँक्रीट व वरची माती मिळून वजन त्याहून जास्त भरेल असा खड्डा मागतो. कैची भिंतीच्या बेडवर नुसती टेकवून बाजूने सिमेंट भरणं चालणार नाही.

कॉलमची मध्यरेषाही कैचीच्या टोकाच्या सांध्याखालीच हवी. कॉलम १५० मिमी आत सरकला तर ११५२ किलोंचा वाक वळचणीच्या सांध्यावर येतो, आणि वरच्या दांड्याने तो एकट्याने घेतला तर अँगल वाकण्याच्या सीमेवर पोहोचतो. त्यामुळे कॉलम उभे झाले असतील, तर कैची कापण्याआधी प्रत्येक जोडीचं अंतर तळाला आणि माथ्याला वेगवेगळं मोजून आम्हाला पाठवा. ७२०० ऐवजी ७१७० भरलं तरी अडचण नाही, आखणी त्या मापाने बदलते. कैची तयार झाल्यावर ते जमत नाही.

चौकशीसोबत एवढं कळवा: गावाचं नाव (वाऱ्याच्या वेगासाठी), वळचणीची उंची, पत्र्याचा प्रकार आणि जाडी, शटर कोणत्या बाजूला व केवढं, छताला पुली, पंखे किंवा सोलर पॅनेल लागणार का. सोलर असेल तर २० किलोंच्या जागी ३५ च्या आसपास धरावे लागतात आणि पर्लिनही बदलते. मंजुरीचं अंतिम ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच जातं. त्या ड्रॉइंगवर प्रत्येक तुकड्याची मध्यरेषेची लांबी आणि कापायची लांबी अशी दोन वेगळी मापं लिहिलेली असतात. दोन्ही नसतील, तर कापायला घेऊ नका.