हलताना थरथरणारा हात आणि स्थिर असताना थरथरणारा हात : एका परीक्षा-प्रश्नाची पार्श्वभूमी

सोलापुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला बसणारा विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरची तयारी करताना एका जोडीशी हमखास झटतो. एका बाजूला सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, त्याचा इंटेन्शन ट्रेमर, म्हणजे लक्ष्याकडे जाताना होणारा कंप, आणि अटॅक्सिया, म्हणजे हालचालींतली सुसूत्रता जाणे. दुसऱ्या बाजूला बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूच्या खोल भागातले चेतापेशींचे पुंजके, त्यांचा विश्रांतीतला कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींची मंदता. प्रश्न कोणत्याही रूपात आला तरी शेवटी विचारलेले असते ते एवढेच, की हात थरथरतो तो केव्हा, आणि इजा कोणत्या बाजूला आहे. ही दोन वाक्ये पाठ करून गुण मिळतात, पण पर्याय थोडे फिरवले की तोच विद्यार्थी चुकतो. ही जोडी कशी तयार झाली आणि ती कुठे मोडते, हे माहीत असेल तर अशी चूक सहसा होत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी केवळ सहा रुग्णांचे वर्णन केले होते, आणि त्यांतले काही त्यांनी रस्त्यावरच पाहिलेले होते. तरीही त्या वर्णनातला मुद्दा अचूक होता : जो अवयव काहीच करत नाही, ज्याला आधार दिलेला आहे, तोच थरथरतो. मात्र पुढची अनेक वर्षे वेगवेगळे कंप एकाच नावाखाली जमा होत राहिले. 1860च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तें शार्को यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण पार्किन्सनच्या रुग्णांपासून वेगळे काढले. त्यांनी धरलेली कसोटी साधी होती. एका गटाचा हात मांडीवर पडलेला असताना थरथरे आणि काही करायला उचलला की शांत होई. दुसऱ्या गटाचा हात पडलेला असताना शांत असे आणि एखादी वस्तू घ्यायला निघाला की थरथर सुरू होऊन लक्ष्य जवळ येईल तशी वाढत जाई. आजचा परीक्षक जे विचारतो ते मुळात इथे वेगळे झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ही विभागणी रुग्ण पाहून झाली. मेंदूच्या कोणत्या भागाचा हा दोष, हे तेव्हा पक्के झालेले नव्हते.

लहान मेंदूकडे बोट दाखवणारा पुरावा त्याआधीच प्राण्यांच्या प्रयोगांतून येत होता. मारी-ज्याँ-पिएर फ्लुराँ यांनी कबुतरांच्या लहान मेंदूचे थर क्रमाक्रमाने काढले आणि 1824 मध्ये त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. कबुतरे पाहू शकत होती, ऐकू शकत होती, धोका दिसला की निसटू पाहत होती. पण उभे राहणे, चालणे, उडणे यांतली सुसूत्रता नाहीशी झाली होती. पक्षाघात झालेला नव्हता, आणि आजच्या प्रश्नात जे ‘स्नायूंची शक्ती सामान्य’ असे एक छोटे वाक्य घातलेले असते, त्याचे मूळ या निरीक्षणात आहे. त्या वाक्यावरून विद्यार्थी नजर फिरवून पुढे जातो, पण मेंदूच्या कॉर्टेक्समधून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या पिरॅमिडल मार्गाचे पर्याय बाद होतात ते बहुतेक वेळा त्याच्याच आधारावर. शतकाच्या अखेरीस लुइजी लुचानी यांनी स्नायूंचा सैलपणा आणि अशक्तपणा यांवर भर दिला, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोझेफ बाबिन्स्की यांनी तळहात झपाट्याने उलटसुलट करता न येण्याची खूण वर्णिली, जी आजही प्रात्यक्षिक परीक्षेत करून घेतली जाते.

माणसातली खरी स्पष्टता मात्र पहिल्या महायुद्धाने आणली. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट गॉर्डन होम्स यांच्याकडे डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक येत होते. ते तरुण आणि एरवी निरोगी होते, आणि अनेकांची इजा एकाच बाजूची होती, त्यामुळे प्रत्येकाचा दुसरा हात तुलनेसाठी उपलब्ध होता. अशी सोय सावकाश वाढणाऱ्या गाठींच्या रुग्णांत क्वचितच मिळते, कारण तिथे दाब आजूबाजूच्या भागांवरही पडतो. होम्स यांनी 1917 मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. इजेच्याच बाजूचा हात सैल पडतो, हालचाल सुरू व्हायला आणि थांबायला उशीर होतो, बोट लक्ष्याच्या पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते, आणि अनेक सांध्यांची एकत्रित हालचाल तुकड्यातुकड्याने होते. पुढे त्यांनी बोटाला छोटा दिवा बांधून अंधारात छायाचित्रे घेतली. निरोगी हाताची प्रकाशरेषा सरळसोट, तर बाधित हाताची शेवटी वेडीवाकडी. त्यांच्या एका रुग्णाने सांगितले होते, की डावा हात आपोआप काम करतो, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. माझ्या मते लहान मेंदूच्या कार्याची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही.

या प्रकाशरेषेचे शेवटचे वेडेवाकडे टोक शरीरक्रियेच्या भाषेत असे समजावता येते. हात झटकन एखाद्या बिंदूकडे न्यायचा असेल तर आधी हालचाल करणारा स्नायू आकुंचन पावतो, मग लक्ष्याच्या अलीकडेच विरोधी स्नायू ब्रेक लावतो, आणि शेवटी पहिला स्नायू पुन्हा थोडा आकुंचन पावून हात स्थिर करतो. हा ब्रेक वेळेत लागायचा तर तो आगाऊ ठरवावा लागतो, कारण डोळ्यांनी चूक पाहून दुरुस्तीची आज्ञा हातापर्यंत पोचायला साधारण 0.1 ते 0.2 सेकंद जातात आणि तोवर हात पुढे गेलेला असतो. लहान मेंदूला इजा झाली की हा आगाऊ हिशेब बिघडतो, ब्रेक उशिरा लागतो आणि हात लक्ष्य ओलांडतो. मग दुरुस्ती सुरू होते, पण तीही उशिरा, म्हणून हात उलट्या दिशेला ओलांडतो. आणि ही साखळी सुरू राहिली की त्यालाच आपण इंटेन्शन ट्रेमर म्हणतो. 1943 मध्ये रोझेनब्ल्यूथ, वीनर आणि बिगेलो यांनी प्रत्याभरणाच्या, म्हणजे फीडबॅकच्या, बिघाडाचे उदाहरण म्हणून हाच रुग्ण घेतला, ज्याच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाजवळ येईल तसा अधिक हिंदकळतो. यातून हेही कळते, की हात मांडीवर पडलेला असताना लक्ष्यच नसते, दुरुस्तीच नसते, म्हणून कंपही नसतो.

बेसल गँग्लियांचा इतिहास उशिरा सुरू झाला. 1912 मध्ये किनियर विल्सन यांनी यकृताच्या विकारासोबत मेंदूतल्या लेंटिफॉर्म केंद्रकाचा ऱ्हास होणारे रुग्ण वर्णिले. त्यांच्यात पिरॅमिडल मार्ग शाबूत असूनही ताठरपणा आणि कंप होता, म्हणजे हालचालीला बिघडवणारी आणखी एक यंत्रणा मेंदूत असली पाहिजे. 1919 मध्ये त्रेत्याकॉफ यांनी पार्किन्सनच्या रुग्णांत मध्यमेंदूतल्या सब्स्टँशिया नायग्राचा ऱ्हास दाखवला आणि 1960 मध्ये एरिंगर व होर्निकिएविच यांनी बेसल गँग्लियांतल्या स्ट्रायटममध्ये डोपामिन या संदेशवाहक रसायनाची घट मोजली. आज सांगितले जाते ते असे : डोपामिन कमी झाले की बेसल गँग्लियांतल्याच ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागाचा, कॉर्टेक्सकडे संदेश पोचवणाऱ्या थॅलॅमसवरचा निरोध वाढतो आणि हालचाल सुरू करणे जड जाते. मंदतेसाठी हे स्पष्टीकरण चांगले चालते. सेकंदाला 4 ते 6 वेळा होणाऱ्या विश्रांतीतल्या कंपासाठी ते पुरे पडत नाही.

आता एक प्रश्न प्रत्यक्ष सोडवून पाहू. सोलापूरचा 52 वर्षांचा एक यंत्रमाग कामगार आहे असे धरा. दोन दिवसांपूर्वी अचानक डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, आणि तेव्हापासून ताण्यातला तुटलेला धागा उजव्या हाताने धरता येत नाही. बोटे धाग्याजवळ गेली की डगमगतात आणि पलीकडे निघून जातात. हात मांडीवर असताना शांत आहे. स्नायूंची शक्ती सामान्य आहे, उजवा गुडघा ठोकल्यावर पाय लंबकासारखा झुलत राहतो, आणि चालताना तो उजवीकडे झुकतो. पर्याय चार : उजवा सेरेबेलर अर्धगोल, डावा सेरेबेलर अर्धगोल, डावी सब्स्टँशिया नायग्रा, डावे सबथॅलॅमिक केंद्रक.

शेवटचे दोन पर्याय बाजूच्या दृष्टीने फसवे आहेत. बेसल गँग्लियांचा प्रभाव त्याच बाजूच्या थॅलॅमस व कॉर्टेक्समार्गे जातो आणि कॉर्टेक्समधून निघणारा मार्ग मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलात एकदाच ओलांडतो, म्हणून त्यांची लक्षणे विरुद्ध बाजूला दिसतात. उजवा हात बिघडला म्हणून डावी बाजू शोधणारा विद्यार्थी इथे अडकतो. पण सब्स्टँशिया नायग्राच्या दोषात मांडीवरचा हात थरथरला असता आणि स्नायू ताठर असते, तर सबथॅलॅमिक केंद्रकाच्या इजेत हात स्वतःहून जोरात फेकला गेला असता. लहान मेंदूचा मार्ग दोनदा ओलांडतो : आधी मध्यमेंदूत वरच्या सेरेबेलर पेडंकलच्या छेदावर, मग मेड्युलात. दोन ओलांडण्या एकमेकींना रद्द करतात आणि लक्षणे त्याच बाजूला येतात. उत्तर उजवा सेरेबेलर अर्धगोल. रुग्ण खरा असेल, तर अचानक सुरुवात आणि उलट्या यांमुळे रक्तस्राव किंवा रक्तपुरवठा तुटून झालेला इन्फार्क्ट डोळ्यांसमोर ठेवून मेंदूचे चित्रण ताबडतोब करावे लागेल, कारण मागच्या कप्प्यात सूज वाढायला जागा फार थोडी असते.

हाच प्रश्न जरासा बदलून इजा मध्यमेंदूत, पहिल्या छेदाच्या पलीकडे, रेड न्यूक्लियसजवळ ठेवली, तर एकच ओलांडणी उरते आणि लक्षणे विरुद्ध बाजूला जातात. ‘सेरेबेलर लक्षणे नेहमी त्याच बाजूला’ हे वाक्य म्हणून अपुरे आहे. ते लहान मेंदूतल्या इजेला लागू आहे, त्याच्या सगळ्या मार्गाला नाही.

दुसरी अडचण मधल्या भागाची, म्हणजे व्हर्मिसची. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या माणसात मुख्यतः त्याचा वरचा, पुढचा भाग झिजतो. अशा रुग्णाचे बोट नाकावर बरोबर लागू शकते, पण तो पाय फाकवून, डगमगत चालतो. बोट-नाक चाचणी सामान्य म्हणून सेरेबेलमचा पर्याय खोडणे इथे चुकीचे ठरते. तो डोळे उघडे असतानाही डोलतो, तर पाठीच्या कण्यातल्या संवेदना-मार्गाच्या दोषाने तोल जाणारा माणूस डोळे मिटल्यावरच कोसळू लागतो. रोम्बर्ग चाचणी, म्हणजे डोळे मिटायला लावून तोल पाहणे, ही दुसरी गोष्ट शोधते.

आणि ज्या विकाराने बेसल गँग्लियांकडे पहिल्यांदा लक्ष वेधले, तोच या सुबक जोडीला सर्वांत स्पष्टपणे मोडतो. विल्सनच्या आजारात तांबे मेंदूत अनेक ठिकाणी साठते, लहान मेंदूतल्या डेंटेट केंद्रकाशी जोडलेले मार्गही त्यातून सुटत नाहीत. एकाच तरुण रुग्णात ताठरपणा, अडखळते बोलणे आणि कोपरे वर धरली की पंख फडफडावेत तसा खांद्यापासूनचा मोठा कंप एकत्र दिसू शकतो. अशा वेळी ‘सेरेबेलम की बेसल गँग्लिया’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा डोळ्यांच्या कॉर्नियाच्या कडेला तांबूस-हिरवे कडे आहे का, हे पाहावे आणि रक्तातले तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन तपासावे.