सुट्या पानांचा क्रम लावताना: कोपऱ्यातला आकडा आणि तळाचा शब्द

हस्तलिखिताची सुटी पानं हातात आली की पहिली नजर जाते ती कोपऱ्यातल्या आकड्यांकडे. आकडे सलग दिसले की काम झालं असं वाटतं. पण ते आकडे कुणी घातले, हे आधी बघावं. मजकूर शाईत आणि आकडे पेन्सिलीत असतील, तर ते बहुधा नंतरच्या कुणाचे तरी असतात. अनेक अभिलेखागारांत कागदाच्या समोरच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात असा एकच आकडा पेन्सिलीने घालतात. त्यावरून आकडे घातले तेव्हा पानं कोणत्या क्रमाने होती एवढंच कळतं. लिहिणाऱ्याचा क्रम तोच होता, याची खात्री त्यातून मिळत नाही.

लिहिणाऱ्याची स्वतःची खूण असते पृष्ठाच्या तळाशी. पुढच्या पानाचा पहिला शब्द तिथे आधीच लिहून ठेवायचा, की जोडणाऱ्याला पुढचं पान ओळखता येतं. या शब्दाला कॅचवर्ड म्हणतात. अरबी आणि फारसी हस्तलिखितांत तो बहुधा पानाच्या मागच्या बाजूलाच सापडतो, आणि त्यामागचा विचार साधा आहे: समोरची आणि मागची बाजू एकाच कागदाची, त्या सुटणार कशा? धोका फक्त दोन कागदांच्या मधल्या सांध्याला. युरोपातले मध्ययुगीन लेखनिक तर कित्येकदा एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या अगदी शेवटीच तो लिहीत. म्हणून एखाद्या पानावर असा शब्द नाही एवढ्यावरून काही हरवलं असं समजू नये. आधी त्या लेखनिकाची सवय पाहावी.

आता एक उदाहरण घेऊ. प्रवासाची हकीकत, सहा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, पेन्सिलीचे आकडे 1 ते 6. सहा पानं म्हणजे पाच सांधे. पान 1 आणि 2 नीट जुळतात. पान 2 च्या तळाशी ‘घोडी’ आहे, पण पान 3 सुरू होतं ‘आम्ही’ने. ‘घोडी’ने सुरू होतं ते पान 4. पान 3 च्या तळाशी ‘पत्र’ आहे आणि त्या शब्दाने पान 5 सुरू होतं. खरी अडचण ‘आम्ही’ची. तो शब्द पान 4 च्या आणि पान 5 च्याही तळाशी आहे, आणि त्यानेच पान 3 व पान 6 सुरू होतात. कोणाला काय जोडायचं?

इथे शब्द सोडून वाक्य वाचावं लागतं. पान 4 संपतं ‘पूर होता, तरी उजाडायच्या आत’वर. पान 5 संपतं ‘मागे उरलो फक्त’वर. पान 3 ची सुरुवात ‘आम्ही पैलतीर गाठला’, तर पान 6 ची ‘आम्ही दोघं भाऊ’. झालं: क्रम 1, 2, 4, 3, 5, 6. उलट जोडी लावून पाहिली तर 4 नंतर थेट 6 येतं, आणि 3 व 5 एकमेकांनाच धरून गोल फिरत राहतात, बाहेर पडायला वाटच नाही. असं वर्तुळ दिसलं की कुठला तरी सांधा चुकीचा लागला आहे, हे नक्की.

मला यात सर्वांत उपयोगी वाटतं ते तुटलेले सांधे मोजणं. शेजारची दोन पानं अदलाबदल झाली, तर आकड्यांच्या क्रमात लागोपाठ तीन सांधे तुटतात. वरच्या उदाहरणात तसंच झालं: 2-3, 3-4 आणि 4-5. एक पान उलटं पडलं असेल, म्हणजे मागची बाजू समोर आली असेल, तरीही तीन ठिकाणी खंड पडतो, पण मधला खंड त्याच कागदाच्या दोन बाजूंमध्ये असतो. पान हरवलं असेल तर एकच सांधा तुटतो, आणि तळाचा शब्द कुठल्याच पानाच्या सुरुवातीला सापडत नाही. अर्थात लेखनिकही चुकतो. कधी पुढच्या पानावर तो शब्द पुन्हा लिहायचाच राहतो. तिथे तळाचा शब्द धरून वाक्य पूर्ण होतं का, ते पाहावं, मगच पान हरवलं म्हणावं.

समासातल्या फुली, तारा किंवा बाणांचं गणित थोडं वेगळं. या खुणा पानांऐवजी मजकुराचे तुकडे जोडतात. ओळीत जिथे भर घालायची तिथे एक खूण, आणि समासात किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलेल्या मजकुरापाशी तीच खूण. जोडीतली एकच सापडली, तर चिठ्ठी गळाली असण्याची शक्यता धरावी.

पानं हलवण्याआधी प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, सापडल्या क्रमानेच, काढून ठेवावेत. जुने आकडे खोडू नयेत; चुकीचे असले तरी पानं आधी कशी होती हे तेच सांगतात. आणि हरवलेल्या पानाच्या जागी एक कोरा कागद ठेवून त्यावर आधीच्या पानाच्या तळाचा शब्द लिहावा. पुढे ते पान कुठल्या दुसऱ्या गठ्ठ्यात निघालं, तर त्याच शब्दावरून ओळखता येईल.