लंबवर्तुळाची हमी कुठून आली

ताटली कॅमेऱ्यासमोर सरळ धरली तर चित्रात ती गोल दिसते, जरा तिरकी केली की तिचं लंबवर्तुळ होतं. संगणकाच्या हाती मात्र ते लंबवर्तुळ अखंड कधीच येत नाही. कडेवरचे काही विखुरलेले ठिपके मिळतात, त्यातले बरेचसे किंचित हललेले असतात आणि अर्धी कड दुसऱ्या भांड्याआड गेलेली असते. या ठिपक्यांतून ‘सर्वांत जवळचं’ लंबवर्तुळ काढणं सोपं वाटतं. तरीही उत्तर म्हणून लंबवर्तुळच येईल, दुसरं काही येणार नाही, अशी थेट पद्धत हाती यायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

अडचण समीकरणातच आहे. आपण लिहितो:

`ax² + bxy + cy² + dx + ey + f = 0`

हे समीकरण लंबवर्तुळाचं आहे, तसंच अन्वस्ताचं आणि अपास्ताचंही आहे. यातलं कोणतं, हे `4ac − b²` च्या चिन्हावर ठरतं. धन असेल तर लंबवर्तुळ, शून्य असेल तर अन्वस्त, ऋण असेल तर अपास्त. प्रत्येक ठिपक्याचे x आणि y डाव्या बाजूत घालायचे, जे उत्तर येईल ती त्या ठिपक्याची चूक मानायची, आणि सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची. ही नेहमीची लघुतम वर्ग पद्धत. पण ती जशीच्या तशी चालवली तर सगळे सहगुणक शून्य निघतात, कारण शून्याने चूक शून्यच होते. म्हणून सहगुणकांवर एखादी अट घालावी लागते. समीकरणाला सातने गुणलं तरी वक्र तोच राहतो, त्यामुळे ही अट म्हणजे निव्वळ मोजपट्टी ठरवणं आहे, असं वरवर पाहता वाटतं. या विषयाचा बराचसा इतिहास हा या एका मोजपट्टीचाच इतिहास आहे.

१९७० साली पेटन यांनी गुणसूत्रांच्या चित्रांवर असे वक्र, म्हणजे शंकुच्छेद, बसवताना सर्वांत साधी अट घेतली: सहाही सहगुणकांच्या वर्गांची बेरीज १. गणित सोपं होतं, पण कागदावरची अक्षरेषा सरकवली की उत्तर बदलायचं. तेच ठिपके, तेच चित्र, फक्त आरंभबिंदू दुसऱ्या कोपऱ्यात नेला तरी वक्र वेगळा येई. १९७९ मध्ये बुकस्टीन यांनी हा दोष काढला. त्यांची अट `a² + b²/2 + c² = 1` अशी होती. अक्ष फिरवा, आरंभबिंदू हलवा, डावी बाजू तशीच राहते. सॅम्पसन यांनी १९८२ मध्ये याच पद्धतीच्या उत्तरापासून सुरुवात करून ते पुन्हा पुन्हा सुधारत नेण्याची रीत सुचवली.

बुकस्टीन यांची अट नेमकी काय पाहते, ते समजून घेतलं की पुढची पायरी उलगडते. अक्ष फिरवून b हे पद घालवलं की वर्गाच्या पदांचे दोनच सहगुणक उरतात. त्यांना p आणि q म्हणू. बुकस्टीन यांची अट म्हणजे `p² + q² = 1`. वर्ग केल्यावर चिन्ह पुसलं जातं, म्हणून p धन आणि q ऋण असला तरी ही अट खुशाल पाळली जाते, आणि तसं झालं की आपल्याला अपास्त मिळतं. ठिपके लंबवर्तुळाच्या छोट्याशा कमानीवरचे असतील आणि थोडे हललेले असतील, तर असं सहज घडतं. दुसरीकडे `4ac − b²` ची किंमत अक्ष फिरवल्यावर `4pq` होते. बेरजेच्या जागी गुणाकार आला, आणि p व q एकाच चिन्हाचे असतील तरच तो धन होतो.

म्हणजे हवी असलेली अट डोळ्यांसमोर होती: `4ac − b² > 0`. पण ही असमानता आहे, आणि असमानतेखाली लघुतम वर्ग काढायचे तर थेट सूत्र मिळत नाही. मग लोक आधी वक्र बसवत, तपासत, अपास्त निघालं तर सहगुणक ढकलून पुन्हा बसवत. एडिनबर्ग विद्यापीठातल्या अँड्र्यू फिट्झगिबन, मॉरिझिओ पिलू आणि रॉबर्ट फिशर यांनी १९९६ मध्ये परिषदांत आणि १९९९ मध्ये सविस्तर लेखात जे दाखवलं, ते एका ओळीत मावतं. मोजपट्टी निवडायचा हक्क आपल्याकडे आहेच, तर तो इथेच वापरा आणि लिहा:

`4ac − b² = 1`

असमानतेची समानता झाली. कोणतंही लंबवर्तुळ योग्य संख्येने गुणून या अटीत बसवता येतं, अपास्त मात्र कशानेही गुणलं तरी बसत नाही. कल्पना इतकी साधी की वाचल्यावर थोडी चीड येते, हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून.

सूत्र मिळालं तरी उत्तर एकच आहे का, हा प्रश्न उरतो. अटीचा मॅट्रिक्स C, ठिपक्यांचा मॅट्रिक्स S आणि सहाही सहगुणकांचा स्तंभ a असं मांडलं की प्रश्न `S a = λ C a` होतो. C च्या आयगेनव्हॅल्यू २, −१, −२ आणि तीन शून्यं. त्यात धन एकच आहे. S धन असतो, म्हणून सिल्व्हेस्टर यांच्या जडत्व नियमानुसार वरच्या समीकरणालाही धन λ एकच मिळतो, आणि अट पूर्ण करणारं उत्तर त्याच λ सोबत येतं. ना सुरुवातीचा अंदाज लागत, ना फेऱ्या. (एक शंका मनात येऊ शकते: धन `4ac − b²` असलेलं समीकरण कधीकधी एकाही खऱ्या बिंदूचं नसतं, उदाहरणार्थ `x² + y² + 1 = 0`. इथे तसं होत नाही. f वर अट नसल्याने चुकांची बेरीज शून्य येते, म्हणजे काही ठिपके वक्राच्या आत आणि काही बाहेर पडतात. ज्याला आत आहे ते लंबवर्तुळ खरंच असणार.)

मूळ लेखात मॅटलॅबच्या मोजक्या ओळींत पूर्ण पद्धत दिली होती, आणि तिच्या प्रसाराचं निम्मं श्रेय मी त्या ओळींना देईन. पण त्यात एक खोट होती. ठिपके अगदी तंतोतंत लंबवर्तुळावर असले तर S चा व्यस्त निघत नाही आणि ‘धन’ λ शून्यावर येऊन बसतो. गोळाबेरजेच्या चुकीने तो किंचित ऋण झाला की संगणक त्याला ओळखत नाही. म्हणजे माहिती जितकी निर्दोष, तितकी पद्धत अडखळणारी. शिवाय चित्रातला x हजारच्या आसपास असेल तर S मध्ये एका कोपऱ्यात `x⁴` म्हणजे १०¹² च्या पटीतली संख्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात निव्वळ ठिपक्यांची संख्या, अशी विषम जोडी बसते. १९९८ मध्ये हालीर आणि फ्लुसर यांनी हे दुरुस्त केलं. d, e, f वर अट नाहीच, तर त्यांना आधीच सोडवून टाका आणि फक्त a, b, c चा ३×३ प्रश्न उरवा. आणि निवड λ च्या चिन्हावरून न करता थेट `4ac − b²` पाहून करा:

```
D1 = [x.^2, x.*y, y.^2];
D2 = [x, y, ones(size(x))];
S1 = D1'*D1;  S2 = D1'*D2;  S3 = D2'*D2;
T = -inv(S3)*S2';
M = S1 + S2*T;
M = [M(3,:)/2; -M(2,:); M(1,:)/2];
[V, L] = eig(M);
k = 4*V(1,:).*V(3,:) - V(2,:).^2;
a1 = V(:, k > 0);
a = [a1; T*a1];
```

चित्रप्रक्रियेच्या scikit-image या लायब्ररीतला `EllipseModel` याच वाटेने जातो. OpenCV मध्ये थेट पद्धत `fitEllipseDirect` या नावाने वेगळी आहे. नुसतं `fitEllipse` म्हणजे ती नव्हे, ही गल्लत बरेच जण करतात.

आता हमीची दुसरी बाजू. ठिपके दोन्ही अक्षांभोवती सममित असतील तर ही पद्धत पाटीवर सोडवता येते. b, d, e शून्य होतात. `u = x²` आणि `v = y²` धरलं तर उत्तर असं येतं: `c/a` हे u च्या प्रमाण विचलनाला v च्या प्रमाण विचलनाने भागून मिळतं. बस, एवढंच.

मुद्दाम चुकीची माहिती देऊन पाहू. `x² − y² = 1` या अपास्तावरचे दहा बिंदू घ्या: (±1, 0), (±√2, ±1), (±√5, ±2). इथे u च्या किमती १, २, ५ आणि v च्या ०, १, ४. v म्हणजे u वजा १, म्हणून दोघांचं विचलन अगदी सारखं, `c/a = 1`. u ची सरासरी ३, v ची २, म्हणून उत्तर `x² + y² = 5`. चक्क वर्तुळ! बिंदू केंद्रापासून १, सुमारे १.७३ आणि ३ अंतरावर आहेत, आणि पद्धत शांतपणे २.२४ त्रिज्येचं वर्तुळ हातात ठेवते. ना इशारा, ना तक्रार. तीन गटांच्या चुका −४, −२ आणि +४ आहेत: जवळचे सगळे आत, लांबचे सगळे बाहेर. चुका अशा ओळीने एका चिन्हाच्या येऊ लागल्या की वक्राचा प्रकारच चुकलाय हे समजावं. चुका नुसत्या हलण्यामुळे असत्या तर चिन्हं कडेभर विस्कटलेली दिसली असती.

ठिपके खरोखर लंबवर्तुळावरचे असले तरी एक कल उरतो, आणि तो त्याच सूत्रातून दिसतो. अर्धअक्ष ४ आणि १ असलेलं पूर्ण लंबवर्तुळ घ्या, त्यावर कोनाच्या समान पायऱ्यांनी, `x = 4cos t`, `y = sin t` असे भरपूर ठिपके घ्या, आणि प्रत्येकाचे x, y ०.२ च्या प्रमाण विचलनाने हलू द्या. हलण्यामुळे u आणि v दोघांचंही विचलन फुगतं, पण v मुळात लहान असल्याने त्याच्या वाट्याला प्रमाणाने जास्त फुगवटा येतो. u चं प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सुमारे ४ टक्क्यांनी वाढतं, v चं तब्बल ६७ टक्क्यांनी. परिणामी अक्षांचं गुणोत्तर, म्हणजे `c/a` चं वर्गमूळ, ४ ऐवजी सुमारे ३.५६ येतं. ठिपके हजार घ्या की लाख, ते ४ कडे सरकत नाही. लंबवर्तुळ नेहमी खऱ्यापेक्षा थोडं गुबगुबीत निघतं. फिट्झगिबन आणि सहकाऱ्यांनी स्वतःच हा कल नोंदवला होता, आणि कमी ठिपक्यांत अपास्ताकडे घसरण्यापेक्षा तो बरा, अशी त्यांची भूमिका होती. छोट्या कमानीत हा कल आणखी वाढतो, कारण न दिसणारी बाजू ठरवायला फारसा पुरावाच नसतो.

जपानच्या ओकायामा विद्यापीठातले केनिची कानातानी यांनी नंतर रंगराजन यांच्यासोबत २०११ मध्ये मोजपट्टीचा मॅट्रिक्सच असा निवडला की हा कल बऱ्याच अंशी नाहीसा होतो. पण त्यात लंबवर्तुळाची हमी नाही. अपास्त आलं तर कानातानी ते दोष मानत नाहीत. ठिपक्यांत लंबवर्तुळ ठरवण्याइतकी माहिती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ ते घेतात. मला वाटतं दोन्ही बाजूंना आपापली जागा आहे. कारखान्यातल्या पट्ट्यावरून झाकणं सरकत असताना कार्यक्रमाला दर वेळी एक लंबवर्तुळ लागतंच, तिथे हमी हवी. भिंगातून मोजमाप करणाऱ्याने मात्र हमीची पद्धत चालवल्यावर बाजूला बिनहमीचीही एकदा चालवावी, आणि तिथे `4ac − b²` ऋण निघालं तर ती चौकट मोजणीतून काढून टाकावी.