'स्टॉप-मोशन' लिहूनही क्ले गुळगुळीत का हलतो: थोडी पार्श्वभूमी

एआय व्हिडिओ टूलच्या प्रॉम्प्टमध्ये 'स्टॉप-मोशन' लिहिलं तरी क्ले अडखळत न हलता गुळगुळीत सरकतो, तो का हे इथे बघू. एक्सप्लेनर, म्हणजे एखादी गोष्ट समजावणाऱ्या छोट्या व्हिडिओसाठी फ्लॅट वेक्टर, कागदी कटआउट आणि क्ले हे तीन लुक लोक सारखे मागतात. तिन्ही मुळात हाताने काम करायच्या पद्धती, आणि त्यात वस्तू दिसणार कशी आणि हलणार कशी हे एकत्रच ठरायचं. कटआउट खूप जुनं, काळ्या कापलेल्या आकृत्यांचा पूर्ण लांबीचा सिनेमा १९२६ मध्येच आला होता. फ्लॅट वेक्टर त्यामानाने कालचं, २००० च्या दशकात ब्राउझरमधल्या ॲनिमेशनने वाढलं. दोन कीफ्रेम, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची स्थिती द्यायची, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरणार, म्हणून त्याची हालचाल जन्मापासूनच सरकती. क्लेचं उलट. बाहुली जराशी हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, परत तेच. २४ फ्रेमच्या सेकंदात बहुतेकदा १२ पोज, प्रत्येक पोज दोन फ्रेम थांबते, ॲनिमेशनवाले याला 'ऑन टूज' म्हणतात, आणि क्लेची हालचाल अडखळती दिसते ती यामुळेच.

खरा घोळ २०२२ नंतरचा. त्या वर्षी मजकुरावरून चित्र काढणारी टूल्स सगळ्यांच्या हातात आली आणि ती चित्र आणि त्याखालचं वर्णन अशा जोड्यांवरून शिकलेली होती. आता क्लेच्या स्थिर फोटोत बोटांचे ठसे दिसतात, मऊ लाइट दिसतो, मागचा सेट धूसर दिसतो, पण एका फोटोत वेळ कुठून दिसणार? त्यामुळे 'स्टॉप-मोशन' हा शब्द मॉडेलसाठी मटेरियलचं नाव होऊन बसला. २०२३ मध्ये व्हिडिओ मॉडेल आली तेव्हा त्यातली बरीच याच चित्रांच्या मॉडेलवर हालचालीचे थर चढवून केलेली होती, आणि हालचाल शिकवली मुख्यतः साध्या कॅमेऱ्याने शूट केलेल्या क्लिप्सवरून. म्हणजे दिसणं क्लेचं आणि हलणं खऱ्या माणसाचं, असं मिश्रण बाहेर पडायला लागलं. नवीन मॉडेल यात बरीच सुधारलीत, पण भरवशाची नाहीत.

यावरून वाद आहे तो असा की ही अडखळ प्रॉम्प्टमधून मागायची की नंतर एडिटमध्ये करायची. मी एडिटच्या बाजूचा आहे, कारण प्रॉम्प्टमध्ये '१२ एफपीएस', म्हणजे सेकंदाला १२ फ्रेम, असं लिहिलं तरी टूल फाइल आपल्या ठरलेल्या वेगानेच देतं, आकडा फक्त एक शब्द म्हणून वाचला जातो. पण एडिटमध्येही एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, ती म्हणजे मोशन ब्लर, हलणारी वस्तू फ्रेममध्ये पुसट दिसणं. खऱ्या स्टॉप-मोशनमध्ये फोटो काढताना बाहुली स्थिर असते म्हणून वेगाने फिरवलेला हातसुद्धा प्रत्येक फ्रेममध्ये कडक शार्प असतो. १९८० च्या आसपास इफेक्टवाल्यांनी फोटो निघत असतानाच मोटरने बाहुली हलवून मुद्दाम हा ब्लर आणला होता, आज आपण तो घालवायला धडपडतोय. तयार क्लिपमधल्या फ्रेम नुसत्या गाळल्या तर ब्लर तसाच राहतो, आणि मग ते क्ले न वाटता नेट अडकल्यासारखं वाटतं.

म्हणून प्रॉम्प्टचं काम ब्लर टाळायचं, अडखळ एडिटवर सोडायची. पाण्याचा थेंब वाफ होऊन ढगात जातो, अशी ५ सेकंदांची क्लिप घ्या:

```
Clay water drop rises slowly to a clay cloud,
fingerprints in the surface, small tabletop set,
locked camera, crisp sharp edges, small movements
```

यात 'नो मोशन ब्लर' मुद्दाम नाहीये, कारण 'नाही' हा भाग मॉडेलकडून बऱ्याचदा निसटतो आणि ब्लर तेवढा लक्षात राहतो. हालचाल हळू मागितली की ब्लर आपोआप कमी येतो. कॅमेरा लॉक, कारण कॅमेरा फिरत असेल तर फ्रेम गाळल्यावर सगळा सेटच थरथरतो. मग क्लिप २४ एफपीएसची असेल तर ffmpeg या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ टूलमध्ये:

```
ffmpeg -i drop.mp4 -vf "fps=12,fps=24" out.mp4
```

पहिल्या टप्प्यात १२० फ्रेमच्या ६० होतात, दुसऱ्यात प्रत्येक फ्रेम दोनदा लागते, लांबी ५ सेकंदच राहते म्हणून व्हॉइसओव्हर हलत नाही. जमलं का ते प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे नेऊन बघायचं: चित्र दोन फ्रेम तंतोतंत तसंच राहून मग उडी मारायला हवं आणि उडीच्या फ्रेममध्येही थेंबाची कड स्वच्छ हवी. कड दुहेरी किंवा पुसट दिसली तर फिल्टर बदलून उपयोग नाही, क्लिपच परत काढा, आणखी हळू हालचालीची.

कटआउटला हीच कमांड चालते, तिथे फक्त कागदाच्या थरांमधली सावली प्रॉम्प्टमध्ये मागून घ्या. फ्लॅट वेक्टरला मात्र लावू नका, त्याला सरकणंच शोभतं.

एक गोष्ट या वाटेने मिळत नाही. खऱ्या क्लेला दर पोजला हात लागतो म्हणून बोटांचे ठसे दर पोजला बदलतात आणि सगळा पृष्ठभाग जिवंत असल्यासारखा चुळबुळतो. आपल्या थेंबावरचे ठसे पाचही सेकंद टेक्श्चरसारखे चिकटून वर जातात, आणि ज्याने कधी माती हाताळलीय त्याला ते लगेच कळतं.